फ्रिजवरची चिठ्ठी आणि तीनशेच्या वरचे युनिट

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये विजेचं बिल आलं की त्याचे सरळ चार भाग व्हायचे. हिवाळ्यात बिल दोन हजारांच्या आसपास असायचं, प्रत्येकीच्या वाट्याला पाचशे यायचे आणि कुणी त्याकडे दुसऱ्यांदा बघायचं नाही. मेचं बिल सव्वाचार हजारांच्या आसपास गेलं. त्या संध्याकाळी तेजूने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली: "एसीचे पैसे एसीवालीने द्यावेत." त्याखाली मृणालने निळ्या पेनाने लिहिलं, "मग वर्क फ्रॉम होमचे?" आणि सायलीने तिच्याखाली, "मग रोज वीस मिनिटं गीझर लावणाऱ्यांचे?" पुण्यात राहायचं म्हणजे भिंतीवरच्या पाट्यांची सवय करून घ्यावी लागते, पण आपल्याच फ्रिजवर ती वाचायला लागली की दूध काढतानाही नजर चुकवावी लागते.

मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते, त्यामुळे "तूच बस आता" असं तिघींनी एकमताने ठरवलं. या घरात एकमत व्हायची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

आधी माणसं सांगते. मृणाल नागपूरची, तिच्या खोलीत मालकांनी बसवलेला जुना दीड टनाचा एसी आहे आणि त्या खोलीचं भाडंही थोडं जास्त आहे. सायली घरूनच काम करते. तेजू एमपीएससीची तयारी करते. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते ती रात्रीच उगवते, आणि तिचा महिना घरून येणाऱ्या ठरलेल्या पैशांत चालतो. चौथी मी. तेजूचं म्हणणं अगदी साधं होतं. मी घरात झोपायला येते, मग हजार रुपये का भरू?

मी बिल घेऊन बसले. महावितरणच्या घरगुती बिलात दोन जातीचे पैसे असतात. स्थिर आकार वापर कितीही असला तरी लागतो. सिंगल फेजला तेव्हा तो 130 रुपयांच्या आसपास होता. बाकीचं युनिटवर: वीज आकार, आणि वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार. या सगळ्याच्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. आमच्या त्या बिलात इंधन समायोजन आकार नगण्य होता, म्हणून मी तो सोडून दिला.

खरी गोम युनिटच्या दरात आहे. दर एकच नसतो. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 त्याच्या जवळजवळ दुप्पट, 301 ते 500 आणखी महाग आणि 500 च्या वर त्याहून महाग. वहन आकार धरून त्या वेळचे दर गोल केले तर पहिल्या टप्प्यात साधारण 6 रुपये, दुसऱ्यात साडेअकरा आणि तिसऱ्यात 16. हे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून आपल्या चालू बिलावरचे दर बघूनच हिशेब करावा. टप्प्यांची रचना लक्षात घेतली की बाकीचं आपोआप समजतं. बऱ्याच जणांना वाटतं की 300 ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं होत नाही. 340 युनिट झाले तरी पहिले 100 स्वस्तातच पडतात, फक्त वरचे 40 महाग.

आमचे त्या महिन्यात 340 युनिट झाले होते. 100 चे 600 रुपये, 200 चे 2300 आणि 40 चे 640, मिळून 3540. त्यात स्थिर आकार 130 म्हणजे 3670, आणि वर 16 टक्के धरून 4257. छापील बिल याहून तीस-चाळीस रुपयांनी कमी होतं, कारण मी दर गोल केलेत. पुढचा सगळा हिशेब या 4257 वरच चालवते.

आता यात एसी किती खातो हे कळल्याशिवाय भांडणाला अर्थ नव्हता. मृणाल म्हणाली, "मी रात्री दोन तासच लावते." तेजू म्हणाली, "सकाळी मी उठते तेव्हा चालूच असतो." दोघीही खरं बोलत होत्या, कारण मृणाल दोन तासांचा टायमर लावायची आणि उकडलं की झोपेतच पुन्हा चालू करायची.

मोजायला वेगळं काही लागत नाही. खाली जिन्याजवळच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, 3200 imp/kWh. म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. प्रत्येक मीटरचा आकडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्यावा. रात्री दहाला आम्ही घरातला फ्रिज, पंखे, दिवे, राउटर सगळं बंद केलं, फक्त एसी ठेवला. सायली वर फोनवर आणि मी खाली दिवा मोजत. वॉचमनकाका बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणाले, "ताई, वायरमनला बोलवू का?" एका मिनिटात 85 लुकलुकी झाल्या. साठने गुणून 3200 ने भागलं की 1.6 च्या आसपास येतं, म्हणजे काँप्रेसर चालू असताना ताशी 1.6 युनिट. थोड्या वेळाने सायली म्हणाली, "आता नुसता वारा येतोय," आणि दिवा मिनिटाला चारवर आला. काँप्रेसर थांबला होता, फक्त आतला पंखा फिरत होता.

यावरून दोन गोष्टी कळल्या. एक, एसीच्या मागच्या चकतीवरच्या वॉटना तासांनी गुणून येणारा आकडा फुगीर असतो, कारण काँप्रेसर मध्ये मध्ये थांबतो. दुसरी, तो किती थांबतो हे खोलीवर, लावलेल्या तापमानावर आणि बाहेरच्या उकाड्यावर अवलंबून असल्यामुळे एका रात्रीच्या मोजणीवर महिनाभराचा हिशेब ठेवता येत नाही. म्हणून प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आणला, जो भिंतीतलं सॉकेट आणि एसीचा प्लग यांच्यामध्ये बसतो आणि युनिट मोजत राहतो. तो 16 अँपिअरचाच घ्यावा लागतो. मोबाइलच्या चार्जरसाठी मिळणारा 6 अँपिअरचा एसीवर लावला तर वितळू शकतो. आणि ज्या घरात एसीला प्लगच नाही, वायर थेट भिंतीतल्या स्विचपेटीत गेली आहे, तिथे हा उपयोगाचा नाही. तिथे इलेक्ट्रिशियनकडून छोटा सबमीटर बसवून घ्यावा लागेल. आमच्या एसीला प्लग होता. लावल्यावर पहिल्याच रात्री मी प्लगमीटर आणि खालचा मीटर यांचा ताळा घेतला. तासाभरात दोन्हींत फारसा फरक पडला नाही, तेव्हा कुठे मृणालचा त्यावर विश्वास बसला.

आठवडाभरात सरासरी निघाली रात्रीला पाच युनिटला थोडी कमी. बिलाच्या काळात मृणाल 26 रात्री घरी होती, म्हणजे साधारण 128 युनिट एसीचे. उरलेले 212 घराचे.

इथे मला वाटलं होतं की काम संपलं. पण 128 युनिटचे पैसे किती, या प्रश्नाला एक उत्तरच नाही.

तेजूचं उत्तर असं: एसी नसता तर बिल 212 युनिटचं आलं असतं, म्हणजे 2341 रुपये. एसीमुळे ते 4257 झालं. फरक 1916, तो मृणालचा. युनिटमागे जवळजवळ 15 रुपये पडतात, पण ते पडतात हे खरंच आहे ना?

मृणालचं उत्तर त्याच कागदावर, उलट्या बाजूने: "समजा घरात फक्त एसी असता. 128 युनिटचे झाले असते 1070 रुपये. स्वस्तातले पहिले 100 युनिट तुमच्या पंख्यांचे आणि महागातले माझ्या एसीचे, हे कुणी ठरवलं? मीटरवर नाव लिहिलेलं असतं का?"

खरं सांगायचं तर मला तिचा मुद्दा जास्त पटला. मीटर फक्त बेरीज करतो. कोणता युनिट आधीचा आणि कोणता नंतरचा असं त्यात काही नसतं. एसी आधी धरला तर 1070, शेवटी धरला तर 1916. दोन्हींच्या मधोमध येतात 1493. आणि स्थिर आकार बाजूला ठेवून सगळ्या 340 युनिटना एकच सरासरी दर लावला तर एसीचे 1546 होतात. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले म्हणून मी सरासरी दराकडे झुकले. तो समजायला सोपा आहे, फोनवर करता येतो आणि कुणाच्या बाजूचा वाटत नाही.

मी आणखी एक पद्धत करून पाहिली होती, ती इथे सांगते कारण ऐकायला ती फार न्याय्य वाटते. स्वस्त 100 युनिट चौघींचे, म्हणून प्रत्येकीला 25 स्वस्तातले, मग 50 साडेअकराचे, मग 50 सोळाचे, आणि त्यापुढचे पाचशेच्या वरच्या दराने, साधारण अठराने. घराच्या युनिटमधले 53 प्रत्येकीचे धरले तर मृणालचे 181 होतात आणि तिचा वाटा चौथ्या टप्प्यात जातो. पण आमच्या बिलात 18 रुपयांचा एकही युनिट नव्हता! शिवाय चौघींची बेरीज खऱ्या बिलापेक्षा चारशेच्या वर जास्त आली, आणि ते वरचे पैसे पुन्हा कुणाला द्यायचे हा नवा वाद. या पद्धतीत हे होणारच, कारण एकीने तिच्या वाट्याचे स्वस्त युनिट वापरले नाहीत तरी ते दुसरीला मिळत नाहीत, खऱ्या मीटरवर मात्र मिळतात. कागद फाडून टाकला.

सरासरी दर मी चौघींपुढे ठेवला. तेजूने दोन मिनिटं आकडे बघितले आणि म्हणाली, "म्हणजे 1546 वजा केले की उरतात 2711, त्याचा माझा चौथा भाग 678. एसी नसता तर मी 585 भरले असते. हे वरचे त्र्याण्णव कसले?"

आता ही पोरगी राज्यशास्त्राबरोबर गणितही करते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि तिचंही बरोबर होतं. सरासरी दर लावला की एसीमुळे सगळ्यांचाच दर चढतो. मृणालचा मुद्दा पहिल्या शंभरांबद्दल खरा होता, पण तीनशेच्या वरच्या चाळीस युनिटबद्दल तो टिकतो का?

याचं उत्तर बिलावरच होतं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा छोटा तक्ता असतो. तो बघितला. ज्या महिन्यांत एसी चालला नव्हता, त्यांपैकी एकाही महिन्यात हे घर तीनशेच्या वर गेलं नव्हतं. हिवाळ्यात गीझर वाढतो पण पंखे बंद होतात, म्हणून 190-200 वरच राहतं. म्हणजे तीनशेच्या वरचे युनिट एसीचेच, हे आता कुणाचं मत राहिलं नव्हतं. त्याखालचे मात्र सगळ्यांचे सारखे.

मग असं ठरलं. तीनशेच्या वरचे 40 युनिट एसीचे, 16 ने 640. एसीचे उरलेले 88 युनिट पहिल्या तीनशेच्या सरासरी दराने. ते 300 युनिट 2900 रुपयांना पडतात, म्हणजे युनिटला 9 रुपये 67 पैसे, आणि 88 चे झाले 851. दोन्ही मिळून 1491, वर वीज शुल्क धरून 1729. तेजूच्या 1916 पेक्षा कमी आणि सरासरीच्या 1546 पेक्षा जास्त. मृणाल म्हणाली, "चालेल, पण सायलीचंही मोजा."

सायलीचं मोजणं सोपं होतं आणि तिने स्वतःच केलं. लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर दिवसभर चालले तर महिन्याला दहा-बारा युनिट. दिवसाचा पंखा जुना, 75 वॉटचा, नऊ तास चालला तर महिन्याच्या कामाच्या दिवसांचे पंधराएक युनिट. म्हणजे पंखाच लॅपटॉपपेक्षा जास्त खातो, हे आम्हाला कुणालाच खरं वाटत नव्हतं. तिच्या नावावर 25 युनिट धरले, त्याच 9.67 ने आणि शुल्कासह 280 रुपये. घरी असल्यामुळे गॅसवाला, कुरिअर आणि सोसायटीच्या पाण्याच्या भानगडी तीच सांभाळते, म्हणून मी म्हटलं सोडून देऊ. ती म्हणाली, "नको, मग उद्या मी कुरिअर घेतलं नाही तर तुम्ही बोलाल."

शेवटचा आकडा: 4257 मधून 1729 आणि 280 वजा केले की 2248, प्रत्येकीचे 562. मृणाल 2291, सायली 842, तेजू आणि मी 562. तेजू आधी हजारावर भरणार होती.

गीझरवर वेगळा हिशेब केला नाही. पंधरा लिटरचं पाणी आंघोळीपुरतं गरम करायला साधारण अर्धा युनिट लागतो, आणि पाणी गरम झालं की थर्मोस्टॅट तो बंदच करतो; वीस मिनिटं बटण चालू राहिलं म्हणून वीस मिनिटं वीज जळत नाही. चौघींच्या आंघोळी सारख्याच. सायलीची ओळ मी फ्रिजवरच्या चिठ्ठीवरून खोडली आणि तिने ती खोडू दिली.

इंटरनेटचा वाद वेगळा निघाला, कारण तिथे मोजायला काहीच नाही. आमचा प्लॅन अमर्याद होता, करासकट 590 चा. तिथे मी किती सिनेमे बघितले आणि तेजूने किती लेक्चर बघितली याने बिल एक रुपयाही हलत नाही, म्हणून वापरावर वाटणं हे उगाच भांडण विकत घेणं आहे. तेजूने इथेही "मी दिवसभर नसते" म्हणून पाहिलं, पण रात्री तिचीच लेक्चर चालू असतात हे तिला माहीत होतं, ती हसली आणि सोडून दिलं. सरळ चार भाग, प्रत्येकीला दीडशेला थोडे कमी.

पण सायलीच्या मीटिंगमध्ये चित्र अडकायचं म्हणून मध्यंतरी प्लॅन वाढवला होता, 1060 चा. हे वरचे 470 कुणाचे? मला यात एकच कसोटी योग्य वाटते: ती नसती तर आपण हा प्लॅन घेतला असता का? नसता घेतला. म्हणून वरचे 470 सायलीचे. मृणाल म्हणाली की जलद झालंय ते आपल्यालाही मिळतंच ना, पण फुकट मिळालेल्या गोष्टीसाठी न मागता पैसे द्यायचे असतील तर तिने स्वतःहून द्यावेत. तिने दिले नाहीत.

यातून एक नाजूक गोष्ट पुढे आली. कनेक्शन सायलीच्या नावावर आहे आणि तिची कंपनी ब्रॉडबँडचे पैसे परत देते. ती आतापर्यंत पूर्ण बिल लावायची आणि आमच्याकडूनही वाटा घ्यायची. तिने स्वतःच सांगितलं, जरा लाजत. आता ती कंपनीकडे फक्त तिने भरलेले पैसे मागते, चौथा भाग आणि वरचे 470. बिलाबरोबर आमच्या वाट्याचा हिशेब जोडते. तिच्या कंपनीने त्यावर काही विचारलं नाही.

मग चिठ्ठी लिहिली. जुनी काढली, नवी फ्रिजच्या दारावर, आणि मुद्दाम कुणाचं नाव न घालता:

"विजेचं बिल आलं की आधी एसीच्या प्लगमीटरचे युनिट लिहायचे. बिलात तीनशेच्या वर जेवढे असतील ते एसीचे, वरच्या दराने. एसीचे बाकीचे युनिट आणि घरून कामाचे 25 युनिट पहिल्या तीनशेच्या सरासरी दराने. दोन्हींवर 16 टक्के. उरलेलं, स्थिर आकारासकट, चार भाग. इंटरनेटचे 590 चार भाग, वरचे 470 घरून काम करणारीचे. आठवड्यापेक्षा जास्त गावी गेलात तर दिवसाला 10 रुपये कमी, इंटरनेटला सूट नाही. पैसे बिल ग्रुपवर आल्यापासून तीन दिवसांत. उशीर करणारीमुळे विलंब आकार लागला तर तो तिचा."

गावी गेल्याचे दहा रुपये बघून तेजू चिडली. दिवाळीला ती बरेच दिवस जाते, तिला वाटलं अर्धं बिल माफ होईल. पण ती गेल्यावर फ्रिज थांबत नाही, राउटर थांबत नाही, स्थिर आकार कमी होत नाही. थांबतो तिचा पंखा, तिची आंघोळ आणि तिच्या खोलीचा दिवा. तो सगळा मिळून दिवसाला युनिटभर, म्हणजे 9.67 आणि शुल्क, अकरा रुपये. मी तिला ते मांडून दाखवलं, ती म्हणाली, "अकरा कर मग." अकरा केलं. चिठ्ठीत दहावर रेघ मारलेली अजून दिसते.

चिठ्ठी चालू झाल्यावर पहिल्याच बिलात एक अडचण आली, जी मी आधीच ओळखायला हरकत नव्हती, पण कॅलेंडरच्या सवयीने सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. मृणाल प्लगमीटरचा आकडा एक तारखेला लिहायची आणि बिल मात्र महिन्याच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं होतं. जूनमध्ये हा फरक मोठा पडतो, कारण सुरुवातीला उकाडा आणि पाऊस सुरू झाला की एसी बंदच. एक तारखेचा आकडा धरला तर जूनचा सगळा एसी चुकीच्या बिलात जातो. बिलावर चालू आणि मागील रीडिंगच्या तारखा असतात. आता कुणीतरी रीडिंग घेऊन गेलं की वॉचमनकाका सांगतात, आणि त्याच संध्याकाळी मृणाल प्लगमीटरचा फोटो ग्रुपवर टाकते. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर सोडून देतो.

बिलाचा एसएमएस मालकांच्या नंबरवर जातो आणि ते चिंचवडला असतात, त्यांच्या सवडीने पुढे पाठवतात. बिल बघायला त्याची गरज नसते. ग्राहक क्रमांक टाकला की ॲपवर दिसतं. तो क्रमांक मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मालकांवरून आठवलं. उन्हाळ्यात महावितरणकडून एक वेगळं बिल येतं, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. घराचा वापर वाढला की ठेव वाढवून मागतात. तेजूने ते चार भागांत टाकलं होतं. ही ठेव कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची असते, त्यावरचं व्याजही त्याच्या बिलात वळतं होतं; भाडेकरू गेल्यावर ती त्याला मिळत नाही. म्हणून ते मालकांनी भरायचं. मी फोन केला, काका आधी म्हणाले "वापर तुमचा आहे ना", मग दोन दिवसांनी भरलं. घर घेताना हे करारात लिहून घेतलं असतं तर फोनही करावा लागला नसता.

पावसाळा लागल्यावर एसी बंद झाला, वापर दोनशे युनिटच्या खाली आला आणि चिठ्ठीतल्या अर्ध्या ओळींची गरजच उरली नाही. त्या महिन्यांत आम्ही सायलीचे 25 युनिट वेगळे काढतो आणि बाकीचे चार भाग. तेव्हा सरासरीही पहिल्या तीनशेची नाही, प्रत्यक्ष झालेल्या युनिटची धरायची, नाहीतर दर चढा लागतो. 190 युनिटला तो साडेआठच्या आसपास येतो.

सप्टेंबरात मृणालची बदली बंगळुरूला झाली. ती गेली तेव्हा शेवटचं बिल यायचं होतं. जायच्या सकाळी आम्ही खालच्या मीटरचा फोटो काढला, मागच्या रीडिंगपासूनचे युनिट मोजले, त्यावर अंदाजे रक्कम काढली आणि तिने तिचा वाटा तेव्हाच पाठवला. बिल आल्यावर बावीस रुपये कमी पडले होते, ते तिने बंगळुरूहून पाठवले. प्लगमीटर मात्र ती घेऊन गेली, तिच्या पैशांचा होता. नव्या मुलीने खोली बघितली तेव्हा पहिला प्रश्न एसीचा विचारला, म्हणून आम्ही तिला भाड्याआधी फ्रिजवरची चिठ्ठी वाचायला दिली. तिने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "मीटर मी आणायचा की तुम्ही?"